राजीनामा दिलेल्या माणसाला गोपनीयतेची आठवण: पत्र कधी द्यावं, त्यात काय लिहावं

प्रश्न: आमचा भोसरीला हायड्रॉलिक सिलिंडरचा कारखाना आहे. प्रायव्हेट लिमिटेड, ४२ माणसं, सुट्टी गुरुवारी. सहा वर्षं असलेल्या सेल्स इंजिनिअरने २ मार्च २०२६ ला राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची आहे, तो ३० दिवसांत सोडा म्हणतो. स्पर्धकाकडे चाललाय असं कानावर आलंय. लॅपटॉप, मोबाईल, कंपनीचं सिम, ड्रॉइंग आणि दोन सँपल सिलिंडर त्याच्याकडे आहेत. वकिलांनी ‘गोपनीयतेची आठवण करून देणारं पत्र द्या’ म्हटलं. मिळालेल्या नमुन्यात ‘दोन वर्षं स्पर्धकाकडे नोकरी करणार नाही’ असंही आहे. काय लिहू, कधी देऊ? वस्तू परत येईपर्यंत शेवटचा पगार रोखला तर चालेल का?

उत्तर:

आधी कॅलेंडर घ्या, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तारखांत आहेत.

राजीनामा २ मार्चचा. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर ६० वा दिवस १ मे येतो. १ मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, वार शुक्रवार. त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिलला गुरुवार, म्हणजे तुमची साप्ताहिक सुट्टी. कागदावर तो १ मेपर्यंत नोकरीत असला तरी टेबलापाशी बसलेला शेवटचा दिवस बुधवार, २९ एप्रिल हाच. पत्रात ‘शेवटच्या दिवशी वस्तू जमा कराव्यात’ एवढंच लिहिलंत तर त्या दिवशी फाटकाला कुलूप असेल. हे मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक भांडणं अशाच मोघम तारखांतून उभी राहतात.

आता पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्या १७ व्या कलमाप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतनसुद्धा दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. पूर्वी ही घाई मालकाने काढून टाकलेल्या माणसापुरती होती, आणि आपल्याकडे ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांत’ अशी सवय पडली होती. ती सवय आता सोडावी लागेल. त्याने पूर्ण नोटीस भरली तर २ आणि ३ मे हे तुमचे पहिले दोन कामाचे दिवस, तेवढ्यात पैसे गेले पाहिजेत. म्हणून पगार रोखून वस्तू मिळवायचा विचार डोक्यातून काढा. वस्तू जमा होणं, तपासणं आणि पावती देणं हे सगळं २९ एप्रिलच्या आत संपेल अशा तारखा पत्रात घाला. पगार अडवून जो जोर मिळवायचा, तो तारखांनी मिळतो, आणि कायद्याच्या चुकीच्या बाजूला उभं राहावं लागत नाही.

ग्रॅच्युइटीचंही तेच. सहा वर्षं झालीत, म्हणजे ती देय आहे आणि ३० दिवसांत द्यायची असते. लॅपटॉप परत आला नाही म्हणून ग्रॅच्युइटी थांबवता येत नाही. पीएफ तर तुमच्या हातात नाहीच.

मग पत्र कधी द्यायचं? राजीनामा स्वीकारल्याच्या पत्रासोबत, याच आठवड्यात. बरेच कारखाने ही आठवण शेवटच्या दिवशी, रिलीव्हिंग लेटरच्या बरोबर देतात. तोपर्यंत माणसाने जे पाठवायचं ते स्वतःच्या जीमेलवर पाठवून झालेलं असतं, आणि नोटीस पिरियडमधल्या जबाबदाऱ्यांची आठवण नोटीस संपताना देण्याला अर्थ उरत नाही. पहिलं सविस्तर पत्र आत्ता द्या. दुसरा कागद शेवटच्या दिवशी, तो अर्ध्या पानाचा असतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

नमुन्यातलं दोन वर्षांचं वाक्य काढून टाका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या २७ व्या कलमाप्रमाणे कुणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरी चालू असताना ‘दुसरीकडे काम करू नकोस’ म्हणता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात मान्य केलं. नोकरी संपल्यानंतरची बंदी मात्र टिकत नाही. १९८० चा सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई हा निकाल त्याच रस्त्याने गेला. तुमच्या नेमणूकपत्रात ते कलम असलं आणि त्याने सही केली असली, तरी पत्रात त्याचा धाक घालू नका. समोरचा वकील सगळ्यात आधी त्या वाक्यावर बोट ठेवेल, आणि बाकीचं खरं, टिकणारं पत्रही धमकीचा कागद वाटू लागेल.

त्याला स्पर्धकाकडे जायचा हक्क आहे. सहा वर्षांत सिलिंडरचं जे ज्ञान त्याच्या डोक्यात बसलं, सील कुठलं घ्यायचं, बोअरला किती फिनिश लागतं, तेही त्याचं झालं. तुमचं काय आहे ते नेमकं सांगणं हे या पत्राचं काम. इथेच बहुतेक पत्रं फसतात. ‘कंपनीची सर्व माहिती गोपनीय आहे’ असं लिहिलं की काहीच गोपनीय राहत नाही. उद्या कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न येईल की कुठली माहिती, ती आणखी कुणाला माहीत होती, आणि ती जपण्यासाठी तुम्ही काय केलंत. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. सगळा भर करारावर आणि विश्वासाने दिलेल्या माहितीच्या तत्त्वावर असतो. म्हणून तुमच्या मार्केटिंगच्या माणसाला आणि डिझाइनच्या माणसाला समोर बसवा आणि या एका इंजिनिअरच्या हाताखालून काय काय गेलं ते लिहून काढा.

तुमच्यासारख्या कारखान्यात साधारण हे निघेल: प्रत्येक डीलरला दिलेली सवलत आणि उधारीचे दिवस, चालू कोटेशन, कॉस्ट शीट, खास ग्राहकासाठी केलेल्या सिलिंडरची टॉलरन्ससकट ड्रॉइंग, आणि ग्राहकाने आपल्याला दिलेली त्याची स्वतःची ड्रॉइंग. हे शेवटचं विसरू नका. ग्राहकाशी तुमचा गोपनीयतेचा करार असेल तर उद्या तो तुम्हालाच धरेल. ग्राहकांची नुसती नावं यादीत घालू नका. ती कुठल्याही इंडस्ट्रियल डिरेक्टरीत मिळतात. नाव उघडं असतं, त्या नावापुढचा दर तुमचा असतो.

किती काळासाठी, हेही प्रामाणिकपणे लिहा. दर आणि सवलती वर्ष-दीड वर्षात शिळ्या होतात. ड्रॉइंग मात्र उघड होईपर्यंत गोपनीयच. नेमणूकपत्रात मुदत असेल तर तीच ठेवा. पत्रातून नवीन बंधन घालता येत नाही, ही जुन्या बंधनाची आठवण आहे. म्हणून पत्रात नेमणूकपत्राची तारीख आणि कलमाचा क्रमांक हवाच. कलमच नसेल तर खोटं लिहू नका. तेव्हा दर आणि ड्रॉइंग ही विश्वासाने दिलेली माहिती आहे एवढंच लिहा आणि त्याच्याकडून पोच घ्या.

आता मोबाईल. सेल्सच्या माणसाचा सगळा जीव त्यात असतो. सिम कंपनीच्या नावावर आहे असं तुम्ही म्हणता, ते बिलावर एकदा बघून घ्या. अनेकदा नंबर माणसाच्या स्वतःच्या नावावर असतो आणि कंपनी फक्त बिल भरते. तसं असेल तर तो नंबर मागू नका, मिळणार नाही. त्याऐवजी डीलरना नव्या माणसाचा नंबर कळवा. नंबर कंपनीचा असेल तर तो पोर्ट करून मागेल, ‘सहा वर्षांचा नंबर आहे, बँकेला जोडलाय’ म्हणेल. बँक, आधार आणि पीएफसाठी आपला नंबर बदलून घ्यायला त्याला २० एप्रिलपर्यंत वेळ द्या आणि ती तारीख पत्रात लिहा. ही माणुसकीही आहे आणि शहाणपणही. नाहीतर शेवटच्या दिवशी ‘ओटीपी या नंबरवर येतो’ म्हणून सिम अडकून बसतं.

व्हॉट्सअॅपवरच्या डीलर ग्रुपचा अॅडमिन तो असेल तर आजच दुसरा अॅडमिन जोडा. नंतर तो ग्रुपमधून बाहेर पडेल, पण डीलरांशी झालेल्या त्याच्या खासगी गप्पा तुम्हाला मागता येणार नाहीत आणि मागूही नयेत. त्यातल्या ऑर्डर आणि ठरलेले दर हँडओव्हरच्या कागदावर लिहून घ्या. फोन परत घेताना आयफोन असेल तर त्याने त्यातून आपलं खातं साइन आउट केलेलं असलं पाहिजे, अँड्रॉइड असेल तर गुगल खातं काढलेलं असलं पाहिजे. नाहीतर लॉक झालेली वीट हातात येते.

आणि एक वाक्य, जे जवळजवळ प्रत्येक नमुन्यात चुकीचं असतं: ‘कंपनीची सर्व माहिती त्वरित डिलीट करावी.’ असं लिहू नका. त्याने आज्ञाधारकपणे लॅपटॉप फॉरमॅट केला तर तुमची कोटेशनंही गेली आणि काही गैर झालं असेल तर त्याचा मागही गेला, तोही तुमच्याच पत्राचा आधार घेऊन. क्रम असा हवा: आधी जे आहे ते परत द्यायचं, मग कंपनीच्या माणसासमोर त्याच्या खासगी मेल, पेनड्राइव्ह किंवा ड्राइव्हवरची प्रत पुसायची, मग तसं लिहून द्यायचं. कंपनीच्या लॅपटॉपमधलं काहीही काढायचं नाही.

हे मी महाग पडलेल्या अनुभवावरून सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात मी सल्ला देत होतो. तिथे लॅपटॉप बुधवारी परत आला आणि शुक्रवारी नव्या मुलाला फॉरमॅट करून दिला गेला. दोन महिन्यांनी एका टेंडरमध्ये स्पर्धकाचा दर आमच्या दरापेक्षा नेमका थोडा खाली आला, ओळीला ओळ जुळवून. संशय सगळ्यांना होता, पण दाखवायला काहीच नव्हतं. लॅपटॉप घ्यायला मीच सांगितलं होतं. तो बाजूला ठेवा असं सांगायचं मात्र राहून गेलं. तेव्हापासून मी परत आलेला लॅपटॉप पाकिटात घालून, वर तारीख आणि दोन सह्या घेऊन, निदान ९० दिवस कपाटात ठेवायला लावतो. मेलखातंही बंद करा, पण डिलीट करू नका. गुगल वर्कस्पेसवर डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं.

३० दिवसांत सोडायचं की नाही, हा तुमचा निर्णय. त्याला जबरदस्तीने कामावर बसवता येणार नाही. कोर्टही कुणाला नोकरी करायला भाग पाडत नाही. नोटिशीच्या बदल्यात पैसे घेता येतात. समजा नेमणूकपत्रात मूळ वेतनावर वसुली लिहिली आहे आणि मूळ वेतन ३३,००० आहे, म्हणजे दिवसाला १,१००. तो १ एप्रिलला गेला तर ३० दिवस कमी पडतात, ३३,००० रुपये. ही वसुली हिशेबात दाखवून त्यावर त्याची संमतीची सही घ्या. परस्पर कापू नका. या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्ट झालं आहे, तेव्हा अकाउंटंटने लावला तर काढायला सांगा.

माझं मत विचाराल तर, माणूस स्पर्धकाकडे जातोय हे नक्की असेल तर त्याला पूर्ण ६० दिवस दरांच्या फाइलसमोर बसवून ठेवण्यात शहाणपण नाही. १५ एप्रिलपर्यंत हँडओव्हर पूर्ण करून घ्या, मग पगार चालू ठेवून त्याला घरी राहायला सांगा, किंवा त्याच तारखेला परस्पर संमतीने मोकळं करा. घरी असतानाही तो तुमचाच कर्मचारी असतो, दुसरीकडे रुजू होऊ शकत नाही. हे पत्रात एका ओळीत लिहा.

वस्तूंची यादी स्टोअरच्या रजिस्टरवरून करा, आठवणीवरून नको. लॅपटॉपचा सिरियल नंबर, चार्जर, फोनचा आयएमईआय, सिमचा नंबर, सँपल सिलिंडरवरचे पंच केलेले नंबर आणि ते कुठल्या गेटपासवर बाहेर गेले, ओळखपत्र, व्हिजिटिंग कार्डं, प्रवासाची उचल. सँपल बहुधा एखाद्या ग्राहकाकडे पडून असेल. तसं असेल तर ग्राहकाची पोच आणणं हीसुद्धा परतफेडच. रजिस्टरला नोंदच नसलेली वस्तू यादीत घालू नका, एका खोट्या ओळीने पूर्ण यादी संशयास्पद होते.

पत्राचा मजकूर साधारण असा असू द्या:

‘आपला दि. २ मार्च २०२६ चा राजीनामा कंपनीने स्वीकारला आहे. आपल्या नेमणूकपत्रातील कलम (क्रमांक) प्रमाणे नोटीस कालावधी ६० दिवसांचा असून आपला सेवेतील शेवटचा दिवस १ मे २०२६ राहील. ३० एप्रिल व १ मे या सुट्ट्या असल्याने प्रत्यक्ष कामाचा शेवटचा दिवस २९ एप्रिल आहे. लवकर मुक्त करण्याच्या आपल्या विनंतीवर हँडओव्हरची प्रगती पाहून १५ एप्रिलपर्यंत लेखी निर्णय कळवू.

‘सेवा संपेपर्यंत आपण कंपनीचे कर्मचारी आहात. या काळात इतर कोणत्याही आस्थापनेसाठी काम करू नये, तसेच कंपनीचे दर वा ड्रॉइंग कामापुरती वगळता कुणालाही देऊ नयेत अथवा स्वतःच्या मेल, फोन किंवा ड्राइव्हवर पाठवू नयेत.

‘नेमणूकपत्रातील कलम (क्रमांक) प्रमाणे पुढील माहिती सेवेनंतरही गोपनीय राहते: सोबतच्या जोडपत्र एक मधील डीलर सवलती, उधारीच्या अटी, कॉस्ट शीट, चालू कोटेशन, आणि त्यात क्रमांकाने नमूद केलेली ड्रॉइंग. आपले सर्वसाधारण तांत्रिक ज्ञान व अनुभव यावर कंपनीचा कोणताही दावा नाही, तसेच आपल्या पुढील नोकरीस कंपनीची हरकत नाही.

‘जोडपत्र दोनमधील वस्तू २८ एप्रिलपर्यंत स्टोअरमध्ये जमा करून पावती घ्यावी. कंपनीच्या लॅपटॉपमधील काहीही काढू अथवा फॉरमॅट करू नये. कंपनीची माहिती आपल्या खासगी उपकरणावर असल्यास २७ एप्रिलपर्यंत कळवावे. ती परत घेऊन आपल्या समक्ष पुसली जाईल. यादीत चूक वाटल्यास सात दिवसांत लिहून कळवावे.’

इतकंच. त्यात ‘आपल्या पुढील नोकरीस हरकत नाही’ हे वाक्य मी आग्रहाने घालतो. ते वाचल्यावर माणूस सैलावतो आणि यादी खरी भरून देतो. शिवाय कंपनीने कुणाचा पोटापाण्याचा रस्ता अडवलेला नाही, हे कागदावर राहतं. पत्र मराठीत द्या किंवा इंग्रजीत, पण नेमणूकपत्र इंग्रजीत असेल तर कलमाचे मूळ शब्द तसेच उतरवा. हातात देऊन पोच घ्या आणि त्याच दिवशी त्याच्या खासगी मेलवरही पाठवा, कारण कंपनीचं मेलखातं पुढे बंद होणार आहे. पोच द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने घरच्या पत्त्यावर.

नव्या कंपनीला पत्र लिहायचा मोह होईल. सध्या लिहू नका. त्याने काहीही केलेलं नसताना ‘आमची गुपितं घेऊन आलाय’ असं लिहिलंत तर बदनामीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो.

शेवटच्या दिवसाचा कागद म्हणजे मिळालेल्या वस्तूंची पावती आणि त्याचं चार ओळींचं निवेदन: जोडपत्रातल्या वस्तू दिल्या, माझ्याकडे कंपनीची माहिती उरलेली नाही, गोपनीयतेचं कलम वाचलं आहे. त्याने निवेदनावर सही केली नाही तरी वस्तूंची पावती त्याला द्या आणि पगारही द्या. सही न केल्याने त्याचं नेमणूकपत्रातलं बंधन संपत नाही. शेऱ्यात ‘सही करण्यास नकार’ आणि दोन साक्षीदार पुरे.

लॅपटॉप किंवा सँपल आलंच नाही, तर दोन रस्ते आहेत. ताब्यात दिलेल्या वस्तूच्या नुकसानीपोटी वेतनातून कपात करता येते, पण आधी त्याला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि एकूण कपात त्या वेतनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. रक्कम नव्या लॅपटॉपची धरू नका, घसारा वजा जाता तुमच्या पुस्तकात जी किंमत आहे ती धरा. दुसरा रस्ता कंपनी कायदा, २०१३ चं ४५२ वं कलम. कंपनीची मालमत्ता अडवून ठेवल्यास एक ते पाच लाख रुपये दंड आहे, आणि परत देण्याचा कोर्टाचा आदेश मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जुन्या कायद्यातल्या याच आशयाच्या ६३० व्या कलमात माजी कर्मचारीही येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितलं. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणून हे उपलब्ध आहे. शेजारच्या गाळ्यातल्या भागीदारी फर्मने हेच कलम पत्रात टाकलं तर ते लागू होणार नाही. डेटा परवानगीशिवाय उतरवून घेतल्याचा पुरावा असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं आहेत.

ही कलमं पहिल्या पत्रात घालू नका. पहिलं पत्र सहा वर्षं तुमच्यासाठी फिरलेल्या माणसाला आहे. २८ एप्रिल उलटून गेला आणि वस्तू आल्या नाहीत, तर दुसरं पत्र वकिलांच्या सहीने जाऊ द्या, आणि त्यात कलमं येऊ द्या. उद्या सकाळी आधी दोन कामं करा: स्टोअरचं रजिस्टर उघडून सँपलचे गेटपास शोधा, आणि सिमचं बिल कुणाच्या नावावर येतं ते बघा.